भाव वर गेला, कॉल खाली आला

*ताई, सोमवारी एका कंपनीचा शेअर १००० वर होता. मंगळवारी संध्याकाळी तिमाही निकाल येणार होते आणि ते चांगले येतील याची मला खात्री होती. म्हणून पुढच्या बुधवारच्या एक्स्पायरीचा १०४० चा कॉल २१.६० ला घेतला. निकाल खरंच चांगले आले आणि बुधवारी सकाळी शेअर १०२५ झाला. आनंदात ॲप उघडलं तर कॉल ९.६० वर! शेअर अडीच टक्के वर आणि माझे निम्म्याहून जास्त पैसे साफ. प्रीमियम कुणी मुद्दाम पाडतं का? मित्र म्हणतो, पुढच्या वेळी अजून लांबचा, स्वस्तातला स्ट्राइक घे. हा कॉल अजून माझ्याकडेच आहे, सात दिवस बाकी आहेत. धरू की सोडू?*

*– दिशा बरोबर, खिसा रिकामा*

प्रीमियम कुणीही पाडलेला नाही. तुमचे आकडे मी ऑप्शनचा भाव काढायच्या नेहमीच्या ब्लॅक-शोल्स सूत्रात घालून पाहिले. व्याज शून्य धरलं, लाभांश नाही असं मानलं. सोमवारचा २१.६० हा भाव ६० टक्के आयव्हीवर येतो आणि बुधवारचा ९.६० हा २८ टक्क्यांवर. म्हणजे दोन्ही भाव आपापल्या जागी अगदी रीतसर आहेत. बदलली ती मधली आयव्ही, आणि तुमच्या नुकसानीचा मोठा भाग तिथेच आहे.

आयव्ही म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी. तिच्याबद्दल एक घोटाळा जवळजवळ सगळ्यांचा होतो. लोकांना वाटतं की आयव्ही ही बाहेरून येणारी कसलीतरी शक्ती आहे आणि ती प्रीमियमला वर-खाली ढकलते. प्रत्यक्षात उलटं आहे. बाजारात आधी ठरतो तो ऑप्शनचा भाव, घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या बोलीतून. मग शेअरचा भाव, स्ट्राइक, उरलेले दिवस आणि व्याज हे चार आकडे सूत्रात घालून विचारायचं की, हा भाव पटायचा असेल तर शेअर किती हलेल असं मानावं लागेल? जे उत्तर येतं ती आयव्ही. तेव्हा ‘आयव्ही पडली म्हणून प्रीमियम पडला’ या वाक्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. खरी गोष्ट अशी, की शेअर पुढे किती हलेल याबद्दल सोमवारी लोक जेवढे पैसे द्यायला तयार होते, तेवढे बुधवारी कुणीच द्यायला तयार नव्हतं. निकाल लागला होता, आता कशाची वाट बघायची?

आयव्हीचा आकडा वार्षिक असतो, त्यामुळे तो नुसता बघून काही हाती लागत नाही. रोजचा अंदाज हवा तर १९ ने भागा, कारण ३६५ चं वर्गमूळ १९ च्या थोडं पुढे आहे. (बरेच ट्रेडर फक्त बाजार चालू असलेले दिवस मोजतात आणि १६ ने भागतात. दोन्ही चालतं, फक्त एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा.) २८ टक्के म्हणजे दिवसाला साधारण दीड टक्का हालचाल. ६० टक्के म्हणजे दिवसाला तीन टक्क्यांच्या वर. आता तो शेअर एरवी रोज तीन टक्के हलतो का? नाही. सोमवारच्या ६० टक्क्यांमध्ये आठ साधे दिवस होते आणि एक निकालाचा दिवस होता, आणि त्या एका दिवसानं सगळी सरासरी वर ओढून धरली होती.

तो एक दिवस बाजारानं किती मोठा धरला होता, हे सोमवारीच काढता आलं असतं. शेअरच्या भावाला लागून असलेल्या स्ट्राइकचा, म्हणजे १००० चा, कॉल आणि पुट दोन्हींच्या भावांची बेरीज करायची. या जोडीला स्ट्रॅडल म्हणतात. ६० टक्के आयव्हीवर १००० चा कॉल ३७.६० चा होतो, पुटही तेवढ्याचाच, बेरीज साधारण ७५. शेअर १००० चा असल्यानं हे झाले साडेसात टक्के. वर किंवा खाली, एक्स्पायरीपर्यंत सरासरी एवढी हालचाल बाजारानं विकत देताना गृहीत धरली होती. यात आठ साध्या दिवसांचा वाटा २८ टक्के आयव्हीनं ३.३ टक्क्यांच्या आसपास येतो. तो साडेसातातून सरळ वजा करायचा नाही, कारण हालचालींचे वर्ग मिळवले जातात. साडेसातचा वर्ग ५६, ३.३ चा ११, उरले ४५, त्याचं वर्गमूळ ६.७. म्हणजे एकट्या निकालाच्या रात्रीसाठी पावणेसात टक्क्यांच्या हालचालीची किंमत तुमच्याकडून घेतली गेली होती.

आणि आली अडीच टक्के.

तुमची दिशा बरोबर होती यात वाद नाही. पण कॉल घेताना तुम्ही फक्त दिशेवर पैसे लावत नसता. शेअर वर जाईल, बाजारानं धरलंय त्यापेक्षा जास्त जाईल, आणि मुदतीच्या आत जाईल, अशी तीन विधानं एकदम केलेली असतात. यातलं पहिलं खरं ठरलं. दुसरं साफ चुकलं.

नक्की किती पैसा कुठे गेला ते आता एकेक पायरी बदलून बघू. सोमवारचा कॉल २१.६० चा. त्यात फक्त शेअरचा भाव १००० चा १०२५ केला, बाकी सगळं सोमवारसारखंच ठेवलं, तर कॉल ३१.८० वर जातो. दिशेनं तुम्हाला १०.२० दिले. तुम्ही ॲप उघडताना मनात धरलेला आकडा बहुधा असाच काहीतरी असेल. आता दोन दिवस कमी करा, नवाचे सात. कॉल २७.२० च्या जवळ येतो. वेळेनं ४.५० घेतले. इथपर्यंतही तुम्ही नफ्यातच आहात. मग आयव्ही ६० वरून २८ वर आणा आणि कॉल थेट ९.६० वर पोचतो. आयव्हीनं १७.७० घेतले, दिशेनं दिलेल्याच्या पावणेदोनपट. पायऱ्यांचा क्रम बदलला तर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण मोठा खड्डा कुठे आहे ते बदलत नाही.

मग शेअर कुठे गेला असता म्हणजे बुधवारी सकाळी तुमचे निदान मुद्दल सुटले असते? २८ टक्के आयव्ही आणि सात दिवस धरून कॉल पुन्हा २१.६० ला यायला शेअर १०५० वर हवा होता. पाच टक्के. नफ्यासाठी पाच टक्के नव्हे, नुसतं ना नफा ना तोटा होण्यासाठी पाच टक्के. उलट शेअर १० टक्के उसळून ११०० वर गेला असता तर हाच कॉल ६१ च्या वर असता, जवळजवळ तिप्पट. तेव्हा निकालाआधी कॉल घेणं मूर्खपणाचं असतं असं मी म्हणणार नाही. पण तो घेताना ‘निकाल चांगले येतील का’ यापेक्षा ‘पाच टक्क्यांहून मोठी उडी येईल का’ हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो प्रश्न वेगळा आहे. पहिल्याचं उत्तर कंपनी समजणारा माणूस देऊ शकतो. दुसऱ्याचं द्यायला इतरांनी आधीच काय धरून ठेवलंय तेही माहीत लागतं.

वेळेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बाबतीत वेळेनं कमी नेलं असलं तरी निकाल नसलेल्या साध्या दिवसांत हाच मुख्य मारेकरी असतो. त्याला थीटा म्हणतात. थीटा रोज सारखा कापत नाही. ज्या ऑप्शनचा स्ट्राइक शेअरच्या भावाला लागून आहे त्याची किंमत उरलेल्या दिवसांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. शेअर १००० वर, आयव्ही २८ टक्के, स्ट्राइक १०००. नऊ दिवस बाकी असताना हा कॉल १७.५० चा. नवाचं वर्गमूळ तीन. चार दिवस बाकी राहिले की वर्गमूळ दोन, आणि कॉल ११.७०. एक दिवस राहिला की वर्गमूळ एक, कॉल ५.८०. आणि मग शून्य. बघा, पहिल्या पाच दिवसांत एक तृतीयांश गेला, पुढच्या तीन दिवसांत दुसरा तृतीयांश, आणि शेवटच्या एका दिवसात तिसरा. शेअर तिथल्या तिथे उभा असताना.

हा ‘शेवटच्या दिवसांत झपाट्यानं वितळतो’ नियम लोक सगळ्याच स्ट्राइकना लावतात, तो मात्र खरा नाही. लांबच्या स्ट्राइकचं तसं होत नाही. तो बराच आधी वितळून बसलेला असतो, आणि शेवटच्या दिवसांत ‘रोज कमी कापतंय’ असं दिसतं ते कापायला काही उरलेलं नसतं म्हणून. ॲपवर थीटाचा आकडा छोटा दिसला म्हणजे ऑप्शन सुरक्षित, असं समजू नका. तो आकडा प्रीमियमच्या किती टक्के आहे ते बघा.

इथेच तुमच्या मित्राचा सल्ला येतो. सोमवारी ११०० चा कॉल साधारण ८ ला मिळाला असता. स्वस्त, कबूल. बुधवारी शेअर १०२५ झाल्यावर तो ०.६० च्या आसपास उरला असता. तुमच्या कॉलनं निम्म्याहून थोडं जास्त गमावलं, मित्राच्या कॉलनं नव्वद टक्क्यांहून जास्त गमावलं असतं. शेअर वर गेलेला असताना! कारण सरळ आहे. लांबच्या स्ट्राइकमध्ये आज हातात काहीच नसतं, शेअर तिथवर पोचेल ही नुसती शक्यता असते, म्हणजे त्याचा सगळाच्या सगळा भाव हालचालीच्या अपेक्षेवर उभा असतो. अपेक्षा आटली की तो पहिला बसतो. ‘नुकसान झालं तरी कमी’ हे एका लॉटपुरतं खरं आहे, पण स्वस्त मिळतोय म्हणून माणूस एकाच्या जागी तीन लॉट घेतो, हे मित्र सांगत नाहीत.

हीच दिशा, हीच खात्री, पण बांधणी वेगळी, असं काही करता आलं असतं का? आलं असतं. सोमवारी १००० चा कॉल ३७.६० ला घ्यायचा आणि तुम्ही घेतलेला तोच १०४० चा कॉल २१.६० ला विकायचा. खिशातून गेले १६. याला बुल कॉल स्प्रेड म्हणतात. बुधवारी १००० चा कॉल ३१.२० वर होता (हो, तोही पडलाच, शेअरला लागून असलेला असूनही), आणि विकलेला ९.६० वर. फरक २१.६०. सोळा घातले, एकवीस साठ झाले, साडेपाच प्रति शेअर नफा. त्याच निकालात, त्याच अडीच टक्क्यांत.

यात जादू नाही. आयव्ही घसरली तेव्हा घेतलेल्या कॉलचं, म्हणजे स्प्रेडच्या एका पायाचं, नुकसान झालं आणि विकलेल्या पायाचा फायदा, दोन्ही बरेचसे एकमेकांना खाऊन गेले. मागे राहिली ती दिशा. आयव्हीच्या बदलानं ऑप्शन किती हलतो त्याला व्हेगा म्हणतात, आणि स्प्रेड म्हणजे जवळजवळ तेवढाच व्हेगा विकून टाकणं. किंमतही मोजावी लागते. शेअर कितीही उडाला तरी हा स्प्रेड ४० च्या वर जात नाही, दोन स्ट्राइकमधलं अंतरच तेवढं आहे. शेअर ११०० झाला असता तर तुमचा नुसता कॉल ६१ वर गेला असता आणि स्प्रेडवाला चाळिशीच्या आत अडकला असता. तेव्हा ‘निकाल चांगले येतील, थोडा वर जाईल’ एवढंच म्हणायचं असेल तर स्प्रेड, आणि ‘बाजाराला कल्पना नाही एवढी उडी येणार’ असं खरंच म्हणायचं असेल तरच नुसता कॉल. तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिल्या जातीतले वाटता. स्प्रेडमध्ये दोन व्यवहार, दोन दलाली, आणि विकलेल्या पायासाठी मार्जिन लागतं, ते आधी बघून घ्या. दोन्ही पाय एकाच वेळी घ्या आणि एकाच वेळी सोडा. घेतलेला पाय आधी विकून बसलात तर हातात उघडा विकलेला कॉल राहतो आणि ती वेगळीच गोष्ट आहे.

आता काही जण हे वाचून म्हणतील की मग सरळ विकूच का नये? निकालाआधी स्ट्रॅडल विकायचा आणि दुसऱ्या दिवशी आयव्ही घसरली की उचलायचा. तुमच्या या निकालात तसं करणाऱ्यानं कमावलं असतं, खरं आहे. पण पावणेसात ही सरासरी आहे. कधी दोन येतं आणि कधी पंधरा, आणि पंधरा येतं त्या दिवशी विकणाऱ्याचं अनेक वेळचं मिळवलेलं एका सकाळीत जातं. शिवाय ते जातं ते शेअर उघडतानाच, मध्ये स्टॉप लॉस लागायला जागाच नसते. घेणाऱ्याचं नुकसान प्रीमियमइतकं, विकणाऱ्याचं कुठेही थांबू शकतं. दिशा बरोबर आली आणि तरी पैसे गेले म्हणून चिडून दुसऱ्या टोकाला जाऊ नका.

आगाऊ ओळखायचं कसं, तर ऑप्शन चेनवर एकाच शेअरच्या दोन एक्स्पायरी शेजारी ठेवून आयव्हीचे रकाने बघा. निकालानंतर लगेच येणारी एक्स्पायरी आणि त्याच्या पुढच्या महिन्यातली. निकालाचा दिवस दोन्हींत एकच आहे, पण जवळच्या मुदतीत तो नवातला एक असतो आणि लांबच्या मुदतीत सदतिसातला एक, म्हणून लांबच्यात पातळ होतो. तुमच्या शेअरमध्ये जवळची ६० असेल तर लांबची हिशेबानं ३८ च्या आसपास यायला हवी. दोघींत असा मोठा फरक दिसला म्हणजे जवळच्या प्रीमियममध्ये एखादी घटना भरलेली आहे, आणि ती घटना उलटली की लांबचीच्याही खाली कुठेतरी दोघी येऊन टेकतील. नक्की कुठे टेकतील ते आदल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. मागच्या निकालांनंतर आयव्ही कुठे स्थिरावली होती त्यावरून अंदाज बांधायचा, एवढंच.

याला लागून आणखी एक फसवी गोष्ट आहे. निकाल जवळ येत जातो तशी जवळच्या एक्स्पायरीची आयव्ही रोज थोडी चढत जाते, आणि काही जण ‘आयव्ही वाढतेय, आत्ता घेऊन निकालाच्या आधीच विकू’ असा बेत करतात. आयव्हीचं ते चढणं बहुतांशी हिशेबाचं असतं. साधे दिवस एकेक करून गळत जातात आणि मोठा दिवस तसाच राहतो, म्हणून सरासरी वर जाते. त्याच वेळी थीटा आपलं कापत असतो. दोन्ही मिळून प्रीमियम फारसा हलतच नाही, आणि जाता-येता दलाली मात्र जाते.

निकाल नसतानाही आयव्ही असाच दगा देते, विशेषतः शेअर बाजाराच्या निर्देशांकात. निर्देशांक कोसळतो तेव्हा आयव्ही सहसा वाढते आणि हळूहळू चढतो तेव्हा उतरते. म्हणून संथ तेजीत कॉल घेणाऱ्याला दिशा मिळते आणि थीटा, आयव्ही दोन्ही विरुद्ध जातात. मोठ्या पडझडीनंतर लगेच पुट घेणाऱ्याचंही तसंच. पडझड झाल्यावर पुट आधीच महाग झालेला असतो, आणि बाजार अजून थोडा खाली गेला तरी घबराट ओसरली की पुट हलत नाही.

आता हातातल्या कॉलबद्दल. आधी २१.६० विसरा. तो आकडा तुमच्या मनात आहे, बाजाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. प्रश्न असा घ्या की हा कॉल तुमच्याकडे नसता तर आज ९.६० देऊन तुम्ही तो विकत घेतला असता का? एक्स्पायरीला हे ९.६० सुटायला शेअर १०४९.६० वर हवा, म्हणजे आणखी २.४ टक्के, सात दिवसांत, आणि आता पुढे कुठली घटना नाही. २८ टक्के आयव्हीनं हिशेब केला तर शेअर तिथे किंवा त्याच्या वर संपण्याची शक्यता साधारण चारात एक. शेअर जागचा हलला नाही तर पहिल्या दिवशी एकाच्या थोडं वर जाईल, म्हणजे उद्या हा कॉल साडेआठवर. चार दिवस हललाच नाही तर उरेल त्यात काही मजा नाही.

चांगली बाजूही आहे. फुगलेली आयव्ही निघून गेली आहे, त्यामुळे आता हा कॉल पुन्हा बत्तीस टक्क्यांचा दणका खाणार नाही. इथून पुढे तुमची लढाई फक्त दिशेशी आणि वेळेशी आहे. चांगल्या निकालांनंतर खरेदी अजून काही दिवस चालू राहील असं तुम्हाला आकड्यांवरून, विश्लेषकांनी अंदाज वाढवल्यावरून, खरोखर वाटत असेल तर धरण्याला कारण आहे. पण ‘तोटा झालाय, एवढ्यात कसा विकू’ हे एकच कारण असेल तर ते कारण नव्हे. मला विचाराल तर मी निम्मे लॉट आज सोडेन आणि उरलेल्यांना एक तारीख घालून देईन. दोन-तीन दिवसांत शेअर १०३५ च्या वर स्थिर झाला नाही तर तेही सोडायचे. एकच लॉट असेल तर प्रश्नच मिटला, सोडा.

आणि सोडताना मार्केट ऑर्डर टाकू नका. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, विशेषतः बाजार उघडल्या उघडल्या, घेणाऱ्याची बोली आणि विकणाऱ्याची बोली यांत मोठं अंतर असतं. ॲपवर ९.६० दिसत असलं तरी तो शेवटच्या सौद्याचा भाव असू शकतो, खरा घेणारा साडेआठवर उभा असेल. दोन्ही बोल्या बघा, मधला भाव लिमिटला लावा, नाही लागला तर थोडं खाली सरका. पहिली काही मिनिटं जाऊ दिली की हे अंतर बऱ्याचदा आपोआप कमी होतं.